कोणाच्या खात्यात, कोणत्या तारखेला

आमच्या मासिकाच्या कचेरीत एक माफीपत्र कायम तयार असतं. वर्गणी दोनदा कापली गेल्याची तक्रार आली की ते उघडायचं, वर नाव घालायचं आणि पाठवून द्यायचं. मजकूर असा:

‘प्रिय ग्राहक, तांत्रिक अडचणीमुळे आपली रक्कम दोनदा वजा झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत. परताव्याची प्रक्रिया सुरू असून ५ ते ७ दिवसांत रक्कम आपल्या खात्यात जमा होईल. आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

हे पत्र मी कित्येक वर्गणीदारांना पाठवलं आहे. भाषा नम्र आहे, त्यावर उलट कोणी कधी भांडलं नाही, आणि म्हणून ते चांगलं आहे असंच मी धरून चालले होते. २०२४ च्या नोव्हेंबरात एका वर्गणीदारासाठी ते नव्याने लिहायला बसले, तेव्हा एकेका वाक्यापुढे थांबून स्वतःला एवढंच विचारलं, की हे खरं आहे का, आणि खरं आहे हे मला कशावरून माहीत. त्या छोट्या पत्रातलं एकही वाक्य या प्रश्नापुढे उभं राहिलं नाही. का राहिलं नाही, आणि ती वाक्यं इतकी वर्षं मला सोयीची का वाटत होती, ते इथे मांडते.

वर्गणीदार नागपुरातलेच, महालात राहणारे निवृत्त शिक्षक. मंगळवारी, १२ नोव्हेंबरला त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता. ‘मॅडम, बाराशे दोनदा गेले ना जी. एकदा पोरीकडून, एकदा माझ्याकडून.’ मी पेमेंट कंपनीच्या स्क्रीनवर त्यांचं नाव शोधलं. दोन्ही नोंदी समोर होत्या. शनिवारी, ९ नोव्हेंबरला पुण्याहून त्यांच्या मुलीने डेबिट कार्डाने १,२०० रुपये भरले होते. सोमवारी, ११ तारखेला सरांच्या स्वतःच्या बँक खात्यातून यूपीआय ऑटोपेने आणखी १,२०० रुपये गेले होते. आदल्या वर्षी वर्गणी भरताना त्यांनी ‘दरवर्षी आपोआप नूतनीकरण’ या चौकटीत खूण करून पिन टाकला होता. ती परवानगी अजून चालू होती आणि ठरल्या दिवशी तिने आपलं काम केलं होतं.

म्हणजे तांत्रिक अडचण कुठेच नव्हती. यंत्रणा दोन्ही वेळा बिनचूक चालली. चूक झाली ती आमच्या आठवणीच्या संदेशात. दिवाळी आटोपली की आम्ही वर्गणी संपत आलेल्या सगळ्यांना ‘वर्गणी संपत आली आहे, कृपया नूतनीकरण करावे’ असा संदेश पाठवतो. ज्यांची ऑटोपेची परवानगी चालू आहे त्यांना तो जायलाच नको. पण वर्गणीदारांची यादी आमच्या संगणकावर असते आणि ऑटोपेवाल्यांची यादी पेमेंट कंपनीच्या स्क्रीनवर. या दोन याद्या समोरासमोर ठेवून नावं वगळण्याचं काम कोणाकडेच नेमून दिलेलं नव्हतं. सरांना संदेश गेला, त्यांनी तो मुलीला पुढे पाठवला, आणि मुलीने वडिलांचं मासिक बंद पडू नये म्हणून लगेच पैसे भरले. तिने जे केलं ते आम्हीच सांगितलं होतं.

‘तांत्रिक अडचण’ लिहिलं की दोष यंत्रावर जातो. यंत्राला कोणी जाब विचारत नाही, आणि मलाही विचारत नाही. आता खरोखरच्या तांत्रिक दुहेरी कपाती होत नाहीत असं नाही. पैसे भरताना पान अडकतं, माणूस पुन्हा बटण दाबतो, आणि पहिल्या व्यवहाराची उशिरा आलेली मंजुरी नंतर जमा होते. पण ती कपात ओळखता येते. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या, एकाच साधनाने केलेल्या आणि काही मिनिटांच्या अंतराने असतात. इथे दोन माणसं होती, दोन साधनं होती आणि मध्ये दोन दिवस होते. नोंदी नुसत्या वाचल्या असत्या तरी कारण कळलं असतं. मी आधी पाठवलेल्या पत्रांमागच्या नोंदी अशा वाचल्या होत्या का, या प्रश्नाचं माझं उत्तर ‘क्वचित’ असं आहे. तयार पत्र हाताशी असलं की कारण शोधायची गरज उरत नाही, आणि तयार पत्राची मला वाटणारी सोय बरीचशी तीच होती.

‘वजा झाली असल्यास’ हे तर त्याहून वाईट. दोन्ही नोंदी माझ्यासमोर असताना मी ‘असल्यास’ लिहिते, म्हणजे सरांनी अजून काहीतरी सिद्ध करायचं राहिलं आहे असं सुचवते. शाळेत उभं आयुष्य घालवलेल्या माणसाने फोन करून दोन तारखा सांगितल्या, त्या मी पाहिल्या, आणि पत्रात मात्र त्यांच्या शब्दावर शंका घेतली. हा शब्द कचेरीच्या पत्रांत इतका रुळला आहे की तो लिहिताना आपण शंका घेत आहोत हे जाणवतसुद्धा नाही. मला ते सरांच्या जागी स्वतःच्या वडिलांना बसवून वाचल्यावर जाणवलं.

नवं पत्र लिहिताना एक मोह आणखी झाला. ऑटोपेने पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी असा नियम आहे. सरांनाही रविवारी बँकेचा संदेश आला होता. तो त्यांनी पाहिलाही होता, पण मुलीने आदल्या दिवशी पैसे भरलेले असल्यामुळे ही त्याचीच पोच असावी असं त्यांना वाटलं. ‘कपातीपूर्वी आपल्याला सूचना देण्यात आली होती’ असं एक वाक्य मी पत्रात लिहून ठेवलं होतं. ते खरं होतं. पण ते तिथे कशासाठी आलं होतं? सरांना त्यातून काही नवीन कळणार नव्हतं. उपयोग एकच होता: चुकीतला थोडा वाटा त्यांच्या पदरात टाकणं. ते मी काढून टाकलं. खरं वाक्यसुद्धा माफीपत्रात अशा जागी ठेवता येतं की त्याचा आरोप होतो.

पैसे परत करण्याच्या भागात मात्र माझं जुनं पत्र नुसतं बेपर्वा नव्हतं, ते माणसाला चुकीच्या जागी वाट पाहायला लावत होतं. ‘आपल्या खात्यात जमा होईल’ हे वाक्य घ्या. कोणाच्या खात्यात? पेमेंट कंपनीमार्फत घेतलेले पैसे परत करताना ते ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत जावेत, ग्राहकाने स्पष्ट संमती दिली तरच दुसरीकडे, असं तेव्हा लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत होतं. म्हणजे ९ तारखेची रक्कम परत केली तर ती पुण्यातल्या मुलीच्या खात्यात जाणार आणि ११ तारखेची केली तर सरांच्या. जुनं पत्र तसंच गेलं असतं आणि मी कार्डाची रक्कम परत केली असती, तर सर महालातल्या आपल्या बँकेत पासबुक भरून घ्यायला आठवडाभर चकरा मारत राहिले असते आणि पैसे कधीच दिसले नसते. आमच्या बाजूने मात्र सगळं चोख झालेलं असतं.

म्हणून मी फोन करून विचारलं, की दोन्हींपैकी कोणते परत करू. हे विचारायला पाहिजे हे मला पूर्वी सुचलंच नव्हतं. कोणती रक्कम ठेवायची आणि कोणती परत करायची हे आम्हीच मनाने ठरवत होतो, बहुधा यादीत जी नोंद आधी दिसेल ती. सरांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, ‘पोरीचे परत करा जी. मासिक माझं आहे, पैसे माझेच लागू द्या.’ या उत्तरात त्यांचा जो स्वाभिमान होता, तो आमच्या स्क्रीनवर कुठल्याच रकान्यात नव्हता.

यूपीआयची रक्कम परत केली असती तर ती बहुधा लवकर पोचली असती. कार्डाची रक्कम आमच्याकडून पेमेंट कंपनीकडे, तिथून कंपनीच्या बँकेकडे, मग कार्डाच्या जाळ्यातून मुलीच्या बँकेकडे आणि शेवटी मुलीच्या खात्यावर, अशी टप्प्याटप्प्याने जाते, म्हणून तिला दिवस लागतात. हे मी सरांना सांगितलं. तरीही त्यांचा निर्णय तोच राहिला.

‘परताव्याची प्रक्रिया सुरू आहे’ या वाक्याबद्दल मला सगळ्यात जास्त लाज वाटली. कारण हे पत्र पाठवताना अनेकदा परताव्याचं बटण दाबलेलंच नसायचं. पत्र आधी जायचं, तक्रार शांत व्हायची, आणि परतावा हिशेब बघणाऱ्या माणसाला सवड मिळेल तेव्हा व्हायचा. पत्र पाठवण्याची आणि परताव्याची तारीख वेगवेगळी, आणि वर्गणीदार दिवस मोजणार ते पत्राच्या तारखेपासून. या वेळी आधी परतावा नोंदवला आणि मग पत्र लिहायला घेतलं.

नोंदवला म्हणजे झाला असंही नसतं. परताव्याची रक्कम आमच्या बँक खात्यातून थेट निघत नाही. पेमेंट कंपनीकडे आमची जी जमा शिल्लक असते तिच्यातून ती वळती होते. मोठ्या दुकानाची रोजची जमा एवढी असते की त्यांना हे कळतही नाही. छोट्या मासिकाकडे एखाद्या दिवशी दोनच वर्गण्या येतात, आदल्या दिवशीची जमा आमच्या बँकेत गेलेली असते, आणि शिल्लक पुरेशी नसली की परतावा तिथेच अडकून पडतो. स्क्रीनवर त्याच्यापुढे वेगळा शेरा दिसतो, पण तो बघायला पुन्हा तिथे जावं लागतं. बुधवारी, १३ तारखेला सकाळी बटण दाबलं आणि दुपारी पुन्हा उघडून पाहिलं. पैसे निघाले होते. तोवर पत्र पाठवलं नाही.

स्क्रीनवर परतावा ‘पूर्ण’ दिसतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की कंपनीने तो पुढे बँकेकडे दिला. मुलीच्या खात्यात जमा झाला असा नव्हे. हा फरक माहीत नसलेला माणूस फोनवर ठामपणे सांगतो, ‘आमच्याकडून झालंय, तुमच्या बँकेत विचारा.’ बँक म्हणते, आमच्याकडे काही आलेलं नाही. दोघंही खरं बोलत असतात आणि वर्गणीदार मध्ये लटकतो.

आता दिवसांचा हिशेब. आमच्या पेमेंट कंपनीच्या सूचनेप्रमाणे कार्डाच्या परताव्याला ५ ते ७ कामकाजाचे दिवस लागतात. जुन्या पत्रात ‘कामकाजाचे’ हा शब्द गळालेला होता. नुसतं ‘५ ते ७ दिवस’ वाचून कोणीही १३ तारखेपासून बोटं मोजेल आणि १८ ते २० तारीख धरेल. पण कॅलेंडर समोर घेतलं. १५ तारखेला गुरुनानक जयंतीची सुट्टी. १७ ला रविवार. २० तारखेला विधानसभेचं मतदान, राज्यभर बँका बंद. २३ तारखेला चौथा शनिवार, २४ ला पुन्हा रविवार. हे सगळे दिवस वगळून मोजलं तर पाचवा कामकाजाचा दिवस गुरुवारी २१ तारखेला येतो आणि सातवा सोमवारी २५ तारखेला. सरांनी स्वतः धरली असती त्याहून अखेरची तारीख पाच दिवसांनी लांबते. ज्या दिवशी त्यांनी पैशांची आशा सोडली असती, त्या दिवशी मुळात बँकच उघडी नसणार होती.

हा हिशेब करायला दहा मिनिटंही लागत नाहीत. कॅलेंडर माझ्या टेबलावरच असतं. मग तो आधी का केला नाही? कारण तारीख लिहिली की ती पाळावी लागते. ‘५ ते ७ दिवस’ हे कुठूनही मोजता येतं आणि त्याला कोणी धरून ठेवू शकत नाही. ‘सोमवार, २५ नोव्हेंबर’ लिहिलं की मंगळवारी सकाळी फोन वाजू शकतो. मी तारीख टाळत होते ती त्या फोनच्या भीतीने, हे मला मान्य करावं लागलं.

कचेरीतल्या एका तरुण सहकाऱ्याने चांगल्या हेतूने सुचवलं, की रिझर्व्ह बँकेच्या नियमाचा उल्लेख करू या, लोकांना धीर येतो. रिझर्व्ह बँकेचं नागपूरचं कार्यालय माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. संविधान चौकाला जुनी माणसं अजून रिझर्व्ह बँक चौकच म्हणतात. तिचं नाव पत्रात आलं की वजन पडतं हे खरं. पण त्याच्या मनात होतं ते परिपत्रक २० सप्टेंबर २०१९ चं, आणि ते फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला मिळाल्याची खात्री पोचली नाही, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते परत करायचे आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असं त्यात आहे. सरांचे दोन्ही व्यवहार यशस्वी होते. पैसे आमच्याकडे नीट पोचले होते. त्यामुळे बँक ते आपणहून परत करणार नव्हती, ते आम्हीच करायला हवे होते, आणि ती भरपाईही लागू नव्हती. तो नियम लिहिला असता तर सर बँकेत जाऊन त्याच्या जोरावर भांडले असते आणि खजील होऊन परतले असते.

आमच्या कचेरीत हिशेबाला पूर्वी एक गृहस्थ होते, त्यांच्याकडून मी ऐकलं आहे की दुहेरी वर्गणी ही काही आजची गोष्ट नाही. पूर्वी वर्गणी संपली की पुढचा अंक व्ही.पी.ने पाठवला जाई. पोस्टमन अंक देई आणि पैसे घेई. तिकडे वर्गणीदाराने त्याच सुमारास मनीऑर्डर केलेली असे. दोन्हींची वाटेत चुकामूक होई आणि कचेरीत एकाच नावाने दोन वर्गण्या जमा होत. मग जादा रक्कम मनीऑर्डरने परत जाई. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कूपन असे, त्यावर दोन ओळी लिहिता येत, आणि पोस्टमन पैसे हातात ठेवून ते कूपन फाडून देत असे. पैसे आणि क्षमा एकाच वेळी एकाच हाताने दारात येत. कोणाचे, कशाचे, किती, हे वेगळं सांगावं लागत नसे.

आज पत्र क्षणात पोचतं आणि पैसे दहा-बारा दिवसांनी. ते येतात तेव्हा पासबुकातल्या नोंदीत आमच्या मासिकाचं नाव असेलच असं नाही, अनेकदा पेमेंट कंपनीचं असतं. मूळ वजावट तशीच राहते आणि काही दिवसांनी एक वेगळी जमा दिसते. ती कशाची आहे हे ओळखायला आधी आलेलं पत्रच हाताशी असतं. म्हणून माफीपत्रात खरं म्हणजे पुढे येणाऱ्या पैशांची ओळख लिहून ठेवायला हवी: रक्कम, मार्ग, कोणाचं खातं, नोंद कशी दिसेल, आणि दिसली नाही तर कोणता क्रमांक दाखवायचा. कार्डाच्या परताव्याला २३ अंकी एआरएन मिळतो. तो बटण दाबताच मिळत नाही, एक-दोन दिवसांनी येतो. बँकेत तो दाखवला की त्यांना आपल्या नोंदींत नेमका तोच परतावा शोधता येतो. इतकी वर्षं हा क्रमांक आमच्या स्क्रीनवर येऊन पडत होता आणि मी तो कोणालाही कळवला नव्हता. मागितला तर द्यायचा, असं चाललं होतं. पण जो क्रमांक अस्तित्वात आहे हेच माहीत नाही, तो कोण मागणार?

पैसे परत न करता ‘पुढच्या वर्षीच्या वर्गणीत वळते करून घेतो’ असं सांगायची पद्धतही आमच्याकडे होती. लोक बहुतेक वेळा ‘बरं’ म्हणतात. संकोचाने म्हणतात. छोट्या मासिकाच्या तिजोरीला त्याने हातभार लागतो, हिशेबाची कटकट वाचते, आणि वर्गणीदार एका वर्षासाठी बांधला जातो. तिन्ही फायदे आमचे. कोणी स्वतःहून म्हटलं तर वेगळी गोष्ट. पण आपण चुकून घेतलेल्या पैशांबद्दल आपणच असं सुचवणं म्हणजे माफी मागता मागता आणखी एक वर्गणी मागणं आहे. ते वाक्य मी पत्रातून आणि फोनवरच्या बोलण्यातूनही काढलं. कार्डाच्या व्यवहारावर आमच्याकडून कापलं गेलेलं कमिशन परताव्यात आम्हाला परत मिळत नाही. ते आमचं नुकसान आहे आणि आमचंच राहायला हवं. पूर्ण १,२०० परत जातील हे मात्र पत्रात लिहायला पाहिजे, कारण लोक काहीतरी कापलं जाणार असं धरूनच चालतात.

शेवटी पत्र असं झालं:

‘आदरणीय सर, सा. न. वि. वि.

यंदाची आपली वर्गणी आम्ही दोनदा घेतली. ९ नोव्हेंबरला आपल्या कन्येच्या डेबिट कार्डावरून १,२०० रुपये आणि ११ नोव्हेंबरला आपल्या खात्यातून ऑटोपेने १,२०० रुपये. आपली ऑटोपेची परवानगी चालू असताना आम्ही आपल्याला नूतनीकरणाचा संदेश पाठवायला नको होता. तो पाठवला ही आमची चूक आहे आणि तिच्याबद्दल आम्ही आपली व आपल्या कन्येची क्षमा मागतो.

आपण सांगितल्याप्रमाणे कन्येने भरलेले पूर्ण १,२०० रुपये आज, बुधवार, १३ नोव्हेंबरला परत पाठवले आहेत. ते ज्या डेबिट कार्डाने भरले त्याच कार्डाच्या बँक खात्यात जातील. आपल्या खात्यात दिसणार नाहीत. मधल्या सुट्ट्या धरून ते गुरुवार, २१ ते सोमवार, २५ नोव्हेंबर या काळात जमा व्हावेत. खात्यात ९ तारखेची वजावट तशीच दिसेल आणि १,२०० रुपयांची वेगळी जमा दिसेल. तिच्यापुढे मासिकाऐवजी पेमेंट कंपनीचं नाव असू शकतं.

या परताव्याचा एआरएन क्रमांक येताच आपल्याला आणि कन्येला कळवू. २५ तारखेपर्यंत रक्कम दिसली नाही तर २६ ला आम्हीच फोन करू.

या परताव्यासाठी आपल्याला काहीही करायचं नाही. कोणी ओटीपी, पिन किंवा कार्डाचा क्रमांक मागितला, किंवा पैसे मिळवण्यासाठी एखादी लिंक उघडायला सांगितली, तर ती व्यक्ती आमची नाही.

आपले अंक नेहमीप्रमाणे येत राहतील. पुढच्या वर्षी वर्गणी ऑटोपेने जाईल, वेगळी भरू नये. ऑटोपे नको असेल तर कळवावे, आम्ही ते बंद करू.’

पिन आणि लिंकचा परिच्छेद पाहून कोणी म्हणेल, माफीपत्रात हे कशाला. परताव्याच्या नावाखाली वयस्क माणसांना फसवणारे बरेच जण आहेत. परत मिळणाऱ्या पैशांसाठी पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला तर पैसे जातात, हे सगळ्यांना माहीत असतं असं नाही. पैसे येणार आहेत असं आम्ही कळवलं, की सर त्या दहा दिवसांत अशा फोनवर विश्वास ठेवायच्या मनःस्थितीत असणार. ती मनःस्थिती आमच्यामुळे आलेली आहे. म्हणून सावध करणंही आमच्याकडेच लागतं, आणि म्हणून आमच्या पत्रात एकही लिंक नाही.

अंक येत राहतील हे वाक्यही मी नंतर घातलं. परतावा नोंदवल्यावर आमच्या यादीत ती वर्गणी आपोआप ‘रद्द’ दिसू लागली. हे लक्षात आलं नसतं तर पैसे परत मिळाले आणि मासिक बंद झालं असं झालं असतं, आणि सरांना वाटलं असतं की तक्रार केल्याचा हा राग आहे.

एआरएन शुक्रवारीच आला, सुट्टीचा दिवस असल्यामुळे मी तो शनिवारी दोघांना पाठवला. मुलीच्या खात्यात पैसे २२ तारखेला दिसले, असं तिने स्वतः कळवलं.

पण पत्र पाठवून झाल्यावर जो प्रश्न माझी पाठ सोडेना तो वेगळाच होता. सरांनी फोन केला म्हणून मला कळलं. संदेश तर सगळ्यांना गेला होता. ज्यांनी फोन केला नाही त्यांचं काय? त्यांची नावं शोधायला त्यांच्या तक्रारीची गरज नव्हती. एकाच वर्गणी क्रमांकावर महिन्याभरात दोन जमा, एक ऑटोपेची आणि एक हाताने भरलेली, एवढी चाळण लावली की यादी तयार होत होती. ही चाळण आम्ही कधीच लावली नव्हती, कारण तक्रार नसेल तर चूकही नाही अशी आमची अघोषित समजूत होती. संपादकांशी बोलले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ‘मागच्या वर्षीचंही बघायचं का?’ मी हो म्हटलं. त्यांनीही नाही म्हटलं नाही, पण त्या महिन्यात कागदाचं बिल पुढे ढकलावं लागलं.

त्या यादीतल्या प्रत्येकाला विचारलं, दोन्हींपैकी कोणते परत करू. काहींना दुहेरी गेल्याचं माहीतच नव्हतं. कोणी पुढच्या वर्षासाठी ठेवा म्हणाले, आम्ही न सुचवता, ते तसे ठेवले आणि तसं लेखी कळवलं. मागच्या वर्षीच्या काही नोंदींत अडचण आली. कार्डाचं खातं मधल्या काळात बंद झालेलं होतं आणि परतावा बँकेकडून आमच्याकडे माघारी आला. अशांना पैसे द्यायचे तर खाते क्रमांक आणि आयएफएससी मागावा लागतो, आणि फोनवर अनोळखी आवाजाने खाते क्रमांक मागणं हे नेमकं त्या फसवणाऱ्यांसारखंच आहे. म्हणून त्यांना खाते क्रमांक न मागता अंक जातो त्याच पत्त्यावर धनादेश रजिस्टर पोस्टाने पाठवला, सोबत पत्र, आणि धनादेशाची मुदत त्यावरच्या तारखेपासून ३ महिने आहे हे त्यात तारखेसह लिहिलं.

त्यातले जे धनादेश वटले नाहीत, त्यांची रक्कम हिशेबात आम्ही उत्पन्न म्हणून धरलेली नाही. ‘वर्गणीदारांचे देणे’ असं वेगळं खातं उघडून प्रत्येकाच्या वर्गणी क्रमांकापुढे ती दाखवली आहे, आणि त्या माणसाचा पुढचा फोन किंवा पत्ताबदलाचं पत्र आलं की आधी तो रकाना बघायचा, असं यादीच्या वरच लिहून ठेवलं आहे.